दाशीचा निवळ घोट

जपानी स्वयंपाकातली पहिली दाशी दिसायला कोऱ्या चहाहूनही फिकी. तेल नाही, मसाला नाही. साहित्य दोनच : कोंबू हे वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या बोनिटो माशाचे कागदासारखे पातळ काप. पण घोट घेतला की चव जिभेवर पसरते, तोंडाला पाणी सुटतं आणि गिळल्यावरही ती रेंगाळते. गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच ती बसत नाही. १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूतल्या ग्लुटामेटमध्ये तिचं मूळ शोधलं आणि तिला उमामी म्हटलं.

ती पाण्यात उतरवण्याची रीत फार नाजूक आहे. लिटरभर पाण्याला १० ग्रॅम कोंबू पुरतो. त्यावरची पांढरी भुकटी बुरशी नव्हे, ती धुवायची नाही. अर्धा तास भिजवून भांडं मंद आचेवर ठेवायचं आणि तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले की कोंबू काढून घ्यायचा. उकळी फुटू दिली तर बुळबुळीतपणा आणि उग्र वास उतरतो. मग पाण्याला उकळी आणून गॅस बंद करायचा, २०-३० ग्रॅम कात्सुओबुशी टाकायची आणि दोनेक मिनिटांत गाळायचं. फडकं पिळायचं मात्र नाही, नाहीतर दाशी गढूळ होते. थेंब सोडून देण्याचा हा संयमच मला सर्वांत देखणा वाटतो.

खरी करामत दोघांच्या जोडीत आहे. कात्सुओबुशीत इनोसिनेट असतं, हे इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी १९१३मध्ये दाखवलं. ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कितीतरी पटींनी वाढते. मिठाशिवाय मात्र ती मुकीच राहते. वाटीभर दाशी आधी तशीच चाखावी, मग चिमूटभर मीठ घालून. फरक लगेच कळतो.

हीच जोडी आपल्या मटणाच्या रश्श्यातही आहे. इनोसिनेट मांसातून येतं, ग्लुटामेट टोमॅटोतून. टोमॅटो जितका पिकलेला तितकं ते जास्त, आणि बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात तर बाहेरच्या मांसल भागाहून कितीतरी अधिक. बिया काढून टाकणारा नेमकी चवच फेकतो. मटार, मुरवलेलं चीज, सोया सॉस यांतही ग्लुटामेट भरपूर असतं.

शाकाहारी स्वयंपाकात इनोसिनेटची जागा वाळवलेले शिताके मशरूम घेतात. त्यांतलं ग्वानिलेटही ग्लुटामेटला तसंच फुलवतं. ते गार पाण्यात रात्रभर भिजवावेत आणि ते तपकिरी पाणी, तळाचा गाळ तेवढा मागे ठेवून, टोमॅटोच्या सारात घालावं. न घालता केलेलं सार शेजारी ठेवून चाखलं, तर तिखट-मीठ तेच असूनही पहिल्याला आलेला भरीवपणा चटकन जाणवतो.