बातमीचं नाम, कवितेचं क्रियापद

२०१७ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. घाटंजीहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोन बाया बसल्या होत्या. एक दुसरीला सांगत होती, "घरी आला अन् खाटेवर बसला. म्हने, लाईट काहून नाई लावला? अन् बाहीर तं ऊन पडलं होतं."

त्या महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या पेपरांत रोज एकाच धाटणीचं शीर्षक असायचं: फवारणीतून विषबाधा, आणखी एका शेतमजुराचा मृत्यू. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्या बाईच्या घरचा माणूस त्या शेकड्यांतला एक असावा. मी यवतमाळला उतरलो आणि त्याच रात्री कविता लिहिली. ती अशी होती:

ह्या विषाचे धनी कोण?
कंपन्या हसतात, सरकार झोपतं,
आणि माझा बाप मरतो मातीसाठी.

आधी खोटं काय ते सांगून टाकतो. माझे वडील शिक्षक होते आणि आता पेन्शन घेतात. पण अशा कवितेत 'माझा बाप' लिहिलं की लिहिणाऱ्याला आपोआप अधिकार मिळतो, म्हणून मी तो उचलला. त्याहून मोठी चूक म्हणजे एसटीत ऐकलेलं यात काहीच उरलं नाही. या तीन ओळी त्या बाईशेजारी न बसताही लिहिता आल्या असत्या. दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात त्या तशाच्या तशा बसल्या असत्या, आणि तिथे त्यांच्यासोबत आकडे तरी असते.

असं का होतं, हे शोधायला पुन्हा शीर्षकाकडे जावं लागतं. मराठी बातमीचं शीर्षक बहुतेक वेळा नामांनी बनतं. विषबाधा, मृत्यू, आत्महत्या, नापिकी, कर्जबाजारीपणा. जागा वाचते म्हणून हे सोयीचं असतं, पण नाम झालं की घटना आटोपलेली असते. कोणी आधी काय केलं, मग काय झालं, हा क्रम त्यातून गळून जातो. आटोपलेल्या गोष्टीवर करण्यासारखं एकच उरतं, मत देणं. म्हणून शीर्षकातले शब्द घेऊन बसलेला कवी नकळत भाष्याकडे घसरतो. 'बळीराजा', 'पोशिंदा', 'फास' हे शब्द आमच्याकडच्या कविसंमेलनांत इतके ऐकू येतात त्याचं कारण मला हेच वाटतं. ते शब्द पेपरातूनच आलेले असतात. याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. तेव्हापासून आमच्याकडे ही नामं साचतच आली आहेत, आणि वाचणाऱ्याचा डोळा आता त्यांच्यावरून सरळ पुढे जातो.

तर पहिलं काम म्हणजे नाम मोडून त्यातली क्रियापदं बाहेर काढणं. 'विषबाधा' मोडली की काय मिळतं? त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, कुठे कुठे माणसाच्या डोक्याएवढी. एरवी फवारा कमरेच्या आसपास, खाली पडतो. त्या वर्षी नळी वर धरावी लागली आणि तुषार तोंडावर आले. मग उलट्या, घाम, आणि पुष्कळांना अंधुक दिसणं. हा क्रम हातात आल्यावर बसमधली बाई मला परत ऐकू आली. दुसरा खर्डा असा झाला:

यंदा पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली.
नळी वर धरावी लागली.
चार वाजता तो घरी आला,
खाटेवर बसला, म्हणाला,
लाईट काहून नाई लावला.
तिनं उठून बटन दाबलं.

बटन मी घातलं. बाईनं ते सांगितलं नव्हतं. ऐकलेल्या बातमीत भर घालायची की नाही यावर वाद होऊ शकतो. माझं मत असं की माणसाचं वागणं घालावं, माणसाचं मत घालू नये. तिनं सरकारला शिव्या दिल्या असं लिहिलं असतं, तर त्या माझ्या शिव्या तिच्या तोंडी गेल्या असत्या. भर दुपारी उठून बटन दाबणं मात्र तिच्या घरातलं वाटतं. नाव आणि गाव यांना मी हात लावला नाही. जिल्हा लहान आहे, दोन खुणांत माणूस ओळखू येतो.

या खर्ड्यात सातवी ओळही होती: 'उजेड मात्र आलाच नाही.' मंचावर नेमक्या अशाच ओळीला वाहवा मिळते, म्हणून ती काढायला मला दोन महिने लागले. ती आली की घरातला दिवा एकदम व्यवस्थेचा, देशाचा, कशाकशाचा दिवा होतो, आणि बटन दाबणारी बाई बाजूला पडते. भाष्य नेहमी घोषणेच्या रूपात येत नाही. पुष्कळदा ते शेवटच्या ओळीत सुंदर रूपक होऊन बसलेलं असतं. तुमच्या कवितेची शेवटची ओळ झाकून बघा. झाकल्यावर बाकीच्या ओळी जास्त अस्वस्थ करत असतील, तर ती ओळ भाष्य होती.

शब्दखेळाचंही तसंच. आत्महत्येच्या प्रकरणांवर सरकारी कागदात 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा पडतो, पात्र ठरलं तर मदत मिळते. मराठीत पात्र म्हणजे भांडं, नदीचंही पात्र, नाटकातलंही पात्र. यावर कविता रचायचा मोह मलाही झाला. पण वाचणारा तिथे कवीच्या हुशारीला दाद देतो आणि कागद घेऊन तहसीलीत उभी असलेली बाई त्याच्या नजरेतून सुटते.

एक अडचण मात्र खरी आहे. माझ्या सहा ओळी पुण्यातल्या किंवा दुबईतल्या वाचकाला कळतील का? 'विष' हा शब्दच त्यात नाही. इथे मला ब्राझीलचा कवी मानुएल बांदेइरा उपयोगी पडला. १९३० च्या त्याच्या संग्रहात एक अगदी छोटी कविता आहे. एक बाजारातला हमाल, टेकडीवरच्या नंबर नसलेल्या झोपडीत राहणारा. एका रात्री तो दारूच्या अड्ड्यावर जातो, पितो, गातो, नाचतो, आणि नंतर तळ्यात उडी टाकून बुडतो. कारण नाही, हळहळ नाही. पिणं, गाणं, नाचणं यांना एकेक वेगळी ओळ दिली आहे, आणि मरण्याला त्याहून जास्त भाव दिलेला नाही. ही कविता वर्तमानपत्रातल्या बातमीवरून घेतली आहे, हे सांगायचं काम त्यानं शीर्षकावर सोपवलं. शीर्षकानं ते ओझं उचलल्यामुळे कवितेला काहीच समजावून सांगावं लागत नाही. मीही तेच केलं. पेपरातलं 'फवारणीतून विषबाधा' वर शीर्षक म्हणून ठेवलं आणि खाली घर राहू दिलं.

ही कविता मी पुढच्या वर्षी एका गावात वाचली. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. चहाच्या वेळी एक म्हातारबाबा जवळ आले आणि म्हणाले, "पंप कोन्ता होता? हाताचा का पेट्रोलचा?" मला माहीत नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं. हातपंपाचे थेंब जाड असतात, खाली बसतात. पेट्रोलच्या पंपाचं धुकं होतं, ते श्वासाबरोबर आत जातं. "नुसतं नळी म्हनलं तं कसं समजन?" असं म्हणून ते कप ठेवून निघून गेले. दुसरी ओळ अजून वहीत खोडलेली आहे.