‘बदलावयाचे ते बदलून’ : करारातल्या दोन लॅटिन शब्दांविषयी

मागच्या वेळी आपण करारातल्या व्याख्यांविषयी बोललो. आज एकच वाक्य घेऊ. पोटठेक्याच्या करारात ते हमखास सापडतं: ‘मुख्य कराराच्या अटी या करारास म्युटॅटिस म्युटॅंडिस लागू राहतील.’ चाळीस पानं पुन्हा टाईप करायची वाचतात, म्हणून ते लिहिणाऱ्याला आवडतं. पण वाचणाऱ्याने काय करायचं, हे ते सांगतं का?

आधी शब्द पाहू. ‘म्युटॅटिस’ म्हणजे बदललेले असता, आणि ‘म्युटॅंडिस’ म्हणजे जे बदलावयाचे आहे ते. संस्कृत शिकलेल्यांना इथे सतिसप्तमी आठवेल. मराठीत सरळ म्हणता येतं, ‘बदलावयाचे ते बदलून’. यातलं ‘-आवयाचे’ फार महत्त्वाचं आहे. जे बदलणं भागच आहे तेवढंच, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे कायद्याच्या मराठीत बहुधा ‘योग्य त्या फेरफारांसह’ असं लिहितात, आणि आमची तक्रार त्या ‘योग्य’वर आहे. योग्य काय, हे दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने ठरवतात. ‘आवश्यक’ म्हटलं की निदान विचारता तरी येतं, हा बदल केला नाही तर अट चालणारच नाही का?

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका नगरपालिकेने इमारतीचं 10 कोटींचं काम ठेकेदाराला दिलं. त्याने त्यातलं 80 लाखांचं विजेचं काम पोटठेकेदाराला दिलं आणि करारात वरचं वाक्य टाकलं. ‘नगरपालिका’ असेल तिथे ‘ठेकेदार’ वाचायचं आणि ‘ठेकेदार’ असेल तिथे ‘पोटठेकेदार’. इथवर कोणाचं भांडण नाही.

भांडण होतं आकड्यांवर. मुख्य करारात विलंबाचा दंड आठवड्याला 1 लाख रुपये आहे. 10 कोटींच्या कामात हा 0.1 टक्का झाला. तोच आकडा 80 लाखांच्या कामाला लावला तर 1.25 टक्के होतात. पोटठेकेदार म्हणतो, ‘प्रमाण तेच ठेवा, माझे आठवड्याचे 8,000 रुपये.’ ठेकेदार म्हणतो, ‘आकडा 1 लाख लिहिलाय, तो बदलल्यावाचून काय अडतंय?’ वाक्यरचनेपुरतं पाहिलं तर ठेकेदाराची बाजू जड आहे, कारण आकडा तसाच ठेवूनही अट चालते. ती जाचक होते, निरर्थक होत नाही. अर्थात भारतीय करार कायद्याच्या कलम 74 मुळे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा ठरते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देतं. पण तिथवर पोचेपर्यंत ठेकेदाराने बिलातून पैसे कापलेले असतात! आता गंमत पाहा: मुख्य करारात ‘कराराच्या किमतीच्या 0.1 टक्के’ असं असतं, तर प्रश्नच आला नसता. टक्केवारी स्वतःच जुळवून घेते, ठोक रक्कम घेत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये अशोक सर्व्हिस सेंटर विरुद्ध ओरिसा राज्य या निकालात या शब्दांचा अर्थ पाहिला होता. तिथे प्रश्न करार नव्हे, विक्रीकराचे दोन कायदे, असा होता. आधीचा कायदा नंतरच्याला जुळवून घ्यायचा, पण गरजेपुरताच, आणि मूळ स्वरूप न बदलता. नंतरच्या कायद्यात स्पष्ट वेगळं काही असेल तर ते वरचढ. करार वाचतानाही ही कसोटी उपयोगी पडते, असं आम्हाला वाटतं.

आणखी एक जागा आहे, लवादाचं कलम. ‘मुख्य कराराच्या अटी लागू’ म्हटल्याने लवादही आला, असं लोक धरून चालतात. 2009 च्या एम. आर. इंजिनियर्स विरुद्ध सोम दत्त बिल्डर्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे मानलं नाही. तिथेही पोटठेकाच होता. दुसऱ्या कराराचा नुसता सर्वसाधारण उल्लेख पुरत नाही, लवादाचं कलम आत घ्यायचा हेतू स्पष्ट दिसावा लागतो, असं न्यायालयाने म्हटलं. शिवाय तिथलं कलम ठेकेदार आणि पोटठेकेदार यांच्या वादाला बसणारंही नव्हतं. त्या करारात आपले दोन लॅटिन शब्द नव्हते, हे खरं. पण ते असते तरी काय झालं असतं? ते आधीच आत आलेल्या अटींना जुळवून घेतात. कोणती अट आत आली, हे सांगायचं काम त्यांचं नाही.

म्हणून आमच्या मते हे वाक्य ठेवायचं तर ठेवा, पण त्याखाली चार ओळी जोडा: कोणाच्या जागी कोण, विलंबाचा दंड किती, अनामत किती, आणि वाद झाला तर लवाद की न्यायालय. आमच्या उदाहरणातल्या पोटठेकेदाराला त्यातली दुसरी ओळ आठवड्याला 92,000 रुपयांची पडली असती.