नोझलच्या आकृतीतली उभी रेघ

मध्ये अरुंद आणि पुढे पुन्हा रुंद होत जाणाऱ्या नोझलची आकृती अभियांत्रिकीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडते. रुंद होणाऱ्या, म्हणजे अपसारी भागात एक उभी रेघ काढलेली असते. हवेचा दाब बाहेरच्या दाबाइतका व्हावा म्हणून येथे लंब आघाततरंग निर्माण होतो, अशा अर्थाचे वाक्य शेजारी असते. आमचा आक्षेप या 'म्हणून'वर आणि त्या रेघेवर आहे.

एक उदाहरण सोडवून पाहू. नोझलच्या तोंडाचे क्षेत्रफळ घशाच्या दुप्पट आहे. हवा एका टाकीतून येते आणि सोलापूरच्या वातावरणात सुटते. तेथील हवेचा दाब सुमारे ९६ किलोपास्कल धरू. टाकीतील दाब १३६ ठेवला, तर घशाशी हवा ध्वनीचा वेग गाठते, पुढे आणखी वेग घेते आणि क्षेत्रफळ घशाच्या दीडपट होते तेथे ध्वनीच्या सुमारे १.८५ पट वेगाला पोहोचते. तेथे दाब अवघा २२ असतो. आघाततरंगात तो एकदम ८४ होतो, ९६ नव्हे! उरलेली वाढ पुढच्या रुंद भागात होते, कारण आता ध्वनीपेक्षा मंद झालेली हवा तेथे आणखी मंदावते. 'म्हणून' शब्दामुळे हा दुसरा टप्पा विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटतो.

मग तरंग नेमका तेथेच का थांबतो? समजा, तो थोडा घशाकडे सरकला. तेथे हवेचा वेग कमी, म्हणून तरंग दुबळा आणि दाबाचे नुकसानही कमी. साहजिकच तोंडाशी दाब ९६ हून जास्त होऊ लागतो, हवा अधिक जोराने बाहेर पडते, तरंगामागचा दाब उतरतो आणि तरंग पुन्हा पुढे ढकलला जातो. पुढे सरकला तर याच्या उलट घडते. तरंगाला हेतू नसतो. त्याची जागा हा समतोल ठरवतो. टाकीतील दाब सुमारे १०२ झाला की तरंग घशाशी उमटतो. दाब वाढवत नेला तर तो पुढे सरकतो आणि सुमारे १८७ ला नोझलच्या तोंडावर येतो.

आता रेघेविषयी. झुरिकच्या ऑरेल स्टोडोला यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वाफेच्या नोझलमध्ये दाब मोजले. त्यांच्या आलेखांत दाबाची चढण दिसते, पण ती काटकोनी पायरी नाही. भिंतीलगतची मंद हवा हा चढता दाब सोसू शकत नाही; ती भिंत सोडते, तरंगाचे बूड दुभंगते आणि चढण लांबते. वरचे आकडे हा परिणाम धरत नाहीत. म्हणून भिंतीतल्या छिद्रांवर दाबमापके जोडली, तर एका छिद्रापासून दुसऱ्यापर्यंत उडी न दिसता अनेक छिद्रांवर पसरलेली वाढ दिसेल. उपकरण बिघडले असे मानू नये.

रेघ काढावी, पण बुडाशी तिला दोन पाय द्यावेत आणि दाबाचा आलेख दोन टप्प्यांत चढवावा.