डेल्फीचे एकमत आणि सायमन यांची मर्यादा

व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत निर्णयप्रक्रियेचे प्रकरण बहुधा एकाच साच्याचे असते. आधी तर्कशुद्ध निर्णयाचे प्रारूप, मग हर्बर्ट सायमन यांची मर्यादित तर्कशुद्धता, आणि शेवटी सामूहिक निर्णयाची तंत्रे म्हणून विचारमंथन व डेल्फी. या क्रमामुळे वाचकाची अशी समजूत होते की, एकट्याची बुद्धी जिथे अपुरी पडते तिथे गट ती उणीव भरून काढतो. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

तर्कशुद्ध प्रारूपात निर्णय घेणाऱ्यापुढे सगळे पर्याय असतात, प्रत्येकाचे परिणाम त्याला ठाऊक असतात आणि त्यांतला सर्वोत्तम तो निवडतो. सायमन यांनी १९५५ च्या निबंधात घर विकणाऱ्याचे उदाहरण घेतले. उद्या-परवा येणारी गिऱ्हाइके त्याला आज दिसत नाहीत. म्हणून तो मनाशी एक किंमत धरतो आणि ती देणारा भेटला की व्यवहार करतो. तो अविचाराने वागत नाही; शोध कुठे थांबवायचा याचा त्याच्यापाशी एक नियम असतो. हा थांबण्याचा नियम हेच सायमन यांच्या विचाराचे मर्म. गटाच्या तंत्रांनाही हाच प्रश्न विचारायला हवा : थांबायचे कधी, आणि ते ठरवतो कोण?

विचारमंथनाचे तंत्र जाहिरात व्यवसायातल्या अॅलेक्स ऑस्बर्न यांचे. टीका नको, विचित्र कल्पनाही चालेल, कल्पना जितक्या जास्त तितके बरे आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला, हे त्याचे चार नियम. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी याची परीक्षा घेतली. चौघांच्या गटांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पना त्यांनी मोजल्या. मग एकेकट्याने काम केलेल्या चौघांच्या याद्या एकत्र करून, पुनरुक्ती वगळून, त्यांच्याशी ताडून पाहिल्या. एकेकट्यांच्या याद्या कितीतरी मोठ्या निघाल्या. डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये याचे मुख्य कारण दाखवले : एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत इतरांचा विचार खुंटतो. पर्यायांचा शोध वाढवण्यासाठी काढलेल्या तंत्रात बैठकच शोधाच्या आड येते.

डेल्फीत बैठकच नाही. तज्ज्ञ एकमेकांना भेटत नाहीत, प्रश्नावल्यांतून उत्तरे देतात, मधला सूत्रधार गोळा झालेली माहिती पुढच्या फेरीत परत पाठवतो. त्यामुळे कोणाचे पद किंवा मोठा आवाज आड येत नाही. रँड संस्थेतला नॉर्मन डॉल्की आणि ओलाफ हेल्मर यांचा मूळ प्रयोग १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो झाला होता बारा वर्षे आधी. प्रश्न असा होता : सोव्हिएत युद्धनियोजकाच्या नजरेतून पाहिले, तर अमेरिकेचे युद्धसामग्रीचे उत्पादन ठरावीक प्रमाणात घटवायला किती अणुबॉम्ब लागतील? तज्ज्ञ सात, प्रश्नावल्या पाच. पहिल्या फेरीतले अंदाज ५० पासून ५००० पर्यंत पसरले होते. शेवटी ते १६७ ते ३६० या पट्ट्यात आले.

शंभर पटींची तफावत सुमारे दोन पटींवर आली. पण या आकड्यांतून अचूकतेबद्दल काहीच कळत नाही, कारण खरे उत्तर कोणापाशीच नव्हते. दुसरी गोष्ट सूत्रधाराची. उद्ध्वस्त कारखाने किती लवकर पुन्हा उभे राहतील, हाताशी साठा किती असेल, असे मुद्दे तज्ज्ञांच्या उत्तरांतून वेचून त्यानेच सर्वांपुढे ठेवले. कोणता मुद्दा पुढच्या फेरीत जाईल आणि फेऱ्या किती होतील, हे त्याच्या हाती होते. अंदाज पुरेसे जवळ आले की थांबायचे, हा घर विकणाऱ्याचाच नियम झाला. फरक इतकाच की घरमालकाला आपली किंमत माहीत असते. डेल्फीत सहभागी झालेल्या तज्ज्ञाला सूत्रधाराची ‘पुरेसे’ची रेघ माहीत नसते.

म्हणून डेल्फीचा अहवाल हाती आला की शेवटच्या सरासरीकडे शेवटी पाहावे. आकडा हलला तेव्हा त्यासोबत नवे कारण किंवा नवी माहिती आली होती का, हे आधी शोधावे. कारणाशिवाय आकडे मधल्या मूल्याकडे सरकले असतील, तर ते इतरांशी जुळवून घेणे होय. टोकाचे मत देणाऱ्याची कारणे अहवालात शिल्लक आहेत का, आणि मधेच गळालेले तज्ज्ञ कोणत्या मताचे होते, हेही पाहावे. टोकाची माणसे गळाली तर कोणाचेही मत न बदलता एकमत दिसू लागते.

डेल्फी टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नाही. सात तज्ज्ञांच्या डोक्यात विखुरलेली गृहीतके कागदावर आली, हे त्या प्रयोगाचे खरे फळ होते. मात्र सायमन यांनी दाखवलेली मर्यादा त्याने मिटली नाही. ती सात जणांकडून प्रश्नावली लिहिणाऱ्याकडे सरकली, आणि पाठ्यपुस्तकांच्या तक्त्यांत नेमका तोच माणूस सापडत नाही.