वळिवड्याची अर्धी गोष्ट

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची पोलिश छावणी आपल्याकडे पाहुणचाराची गोष्ट म्हणून सांगितली जाते. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित तिथे राहिले, त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. हे खरंच आहे. पण गोष्ट इथेच थांबवली की निर्वासितांच्या कायद्यातला मुख्य प्रश्न सुटून जातो. तो प्रश्न युद्ध संपल्यावर उभा राहिला.

ही माणसं मुख्यतः पूर्व पोलंडची. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना सायबेरियाकडे हाकललं आणि पुढे ती इराणमार्गे भारतात आली. १९४५ मध्ये त्यांची गावंच सोव्हिएत संघात गेली. म्हणजे 'युद्ध संपलं, आता घरी जा' याचा अर्थ होता, ज्यांनी हाकललं त्यांच्याच ताब्यात जा. १२ फेब्रुवारी १९४६ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, की परत जायला ज्यांची सबळ हरकत आहे, त्यांच्यावर सक्ती करायची नाही. वळिवड्याचे काही लोक पोलंडला परतले, तर बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडे गेले.

हाच विचार १९५१ च्या निर्वासित कराराच्या कलम ३३ मध्ये आला. त्याला नॉन-रिफूलमेंट म्हणतात. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे जिथे जीव वा स्वातंत्र्य धोक्यात येईल, तिथे माणसाला 'कोणत्याही प्रकारे' परत पाठवायचं नाही. लक्षात घ्या, हा कायमचं राहण्याचा हक्क नाही. भारताने या करारावर सही केलेली नाही; पोलंडने १९९१ मध्ये तो स्वीकारला.

आणि तरी पोलंडच्याच सीमेवर काय झालं ते बघा. बेलारूसला लागून असलेल्या तेरेस्पोल नाक्यावर चेचेन कुटुंबं पुन्हा पुन्हा येऊन आश्रय मागत होती. प्रत्येक वेळी त्यांना बेलारूसला परत पाठवलं गेलं. तिथून पुढे चेचन्याला पाठवलं जाण्याची भीती होती. सीमारक्षकांच्या नोंदीत मात्र ही माणसं कामधंद्यासाठी, बऱ्या आयुष्यासाठी आल्याचं लिहिलेलं. 'एम. के. आणि इतर विरुद्ध पोलंड' या खटल्यात युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने २३ जुलै २०२० ला पोलंडला दोषी धरलं. स्वतंत्र अहवालांशी जुळणारं असल्यामुळे कुटुंबांचं म्हणणं न्यायालयाला पटलं.

थोडक्यात, हे तत्त्व मोडायला कुणाला थेट छळणाऱ्याच्या हाती द्यावं लागत नाही. अर्ज नोंदवलाच नाही, की काम झालं. म्हणून अशा विषयावर वाचताना छावणीत किती जणांना जागा मिळाली एवढंच मोजू नका. 'मला परत जायचं नाही' हे वाक्य कुणी ऐकलं आणि कागदावर काय उतरवलं, ते आधी शोधा.