दखलपात्र व अदखलपात्र गुन्हे : अटकेच्या निकषावर उभ्या वर्गीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय फौजदारी प्रक्रियेत गुन्ह्यांचे दखलपात्र आणि अदखलपात्र असे दोन वर्ग केले जातात. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने घेतली. तथापि हे वर्गीकरण मूळ स्वरूपात कायम राहिले. ज्या गुन्ह्यात पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय अटक करू शकतो तो दखलपात्र व ज्यात तसा अधिकार नाही तो अदखलपात्र, अशी त्याची व्याख्या आहे. व्याख्येचा आधार अटक हा असला तरी वर्गीकरणाचा मोठा परिणाम तपासावर होतो. या विसंगतीचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वर्गीकरणाचे स्वरूप

एखादा गुन्हा कोणत्या वर्गातील आहे हे संहितेच्या पहिल्या अनुसूचीवरून ठरते. तीन वर्षे व त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा दखलपात्र, हा सर्वपरिचित नियम अनुसूचीच्या दुसऱ्या भागातील आहे व तो अन्य कायद्यांखालील गुन्ह्यांपुरता आहे. भारतीय न्याय संहितेतील गुन्ह्यांसाठी प्रत्येक कलमापुढे स्वतंत्र नोंद केलेली आहे. त्यामुळे शिक्षेचे प्रमाण आणि वर्ग यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. पती किंवा पत्नी हयात असताना दुसरा विवाह करण्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, परंतु तो गुन्हा अदखलपात्र आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालविण्यास सहा महिन्यांपर्यंतच शिक्षा आहे, तरी तो दखलपात्र आहे. पोलिसांनी तत्काळ हस्तक्षेप करणे आवश्यक आहे की नाही, हा विचार या भेदामागे दिसतो. केवळ गांभीर्याच्या मापाने त्याचा उलगडा होत नाही.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच कलम १७३ नुसार गुन्हा नोंदविला जातो आणि कलम १७५ नुसार पोलीस स्वतःहून तपास करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यास कलम १७४ लागू होते. ठाणे अंमलदार खबरीचा सारांश विहित नोंदवहीत नोंदवितो व खबर देणाऱ्यास दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगतो. महाराष्ट्रात यालाच ‘एन.सी. नोंदविणे’ म्हणतात. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना पोलिसांना येथे तपास करता येत नाही. अशा प्रकरणांचा दैनंदिनी अहवाल दर पंधरवड्यास दंडाधिकाऱ्याकडे पाठविण्याची तरतूद २०२३ च्या संहितेत नव्याने आली आहे. मात्र या अहवालामुळे तपास आपोआप सुरू होत नाही.

एका कल्पित प्रकरणाचा विचार

शेताच्या बांधावरून दोन शेजाऱ्यांत भांडण होते व एकजण दुसऱ्यास लाथाबुक्क्यांनी मारतो, असे समजू. जखमीचे मनगट सुजले आहे. तो सायंकाळी ठाण्यात येतो. हाताने मारहाण झाली, एवढेच तो सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) नुसार ही साधी दुखापत ठरते. तिला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा असून हा गुन्हा अदखलपात्र आहे. एन.सी. नोंदविली जाते आणि जखमीस न्यायालयाची वाट दाखविली जाते.

त्याच मनगटाचे हाड मोडले असेल तर कलम ११६ नुसार ती जबर दुखापत होते. कलम ११७(२) खाली तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे व गुन्हा दखलपात्र आहे. मारहाण कोयत्याने झाली असती, तर हाड न मोडताही कलम ११८(१) खाली ती दखलपात्र ठरली असती. म्हणजे घटना, माणसे व जागा तीच असताना वर्ग हा क्ष-किरण चित्रावर किंवा खबरीतील हत्याराच्या उल्लेखावर अवलंबून राहतो.

खरी अडचण येथे उद्भवते. हाड मोडले की नाही हे वैद्यकीय तपासणीने कळते. परंतु गुन्हा अदखलपात्र म्हणून नोंदला गेल्यावर ते शोधून काढण्याचे दायित्व पोलिसांवर राहत नाही. जे तपासाने कळावयाचे, त्यावरच तपास व्हावा की नाही हे ठरते. जखमीने चार दिवसांनी स्वखर्चाने चित्र काढून आणले, तर त्याचा पुरवणी जबाब घेऊन कलम १७३ खाली गुन्हा नोंदविणे आवश्यक होते. परंतु मधल्या काळात घटनास्थळाचा पंचनामा झालेला नसतो, साक्षीदारांचे जबाब घेतलेले नसतात आणि हाड याच घटनेत मोडले हे सिद्ध करणे कठीण होते. चित्र काढण्याची ऐपत वा जाणीव नसलेल्या मजुराचे प्रकरण तर नोंदवहीतच थांबते. त्याच्यापुढे कलम २२३ खालील खाजगी फिर्यादीचा मार्ग उरतो. तेथे शपथेवर जबाब देणे, साक्षीदार आणणे व तारखांना हजर राहणे हा भार त्यालाच वाहावा लागतो.

याची दुसरी बाजूही आहे. प्रकरणातील एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी कलम १७४(४) नुसार संपूर्ण प्रकरण दखलपात्र मानले जाते. त्यामुळे खबरीत नसलेले हत्यार घालण्याचा मोह निर्माण होतो. जखमेचे वर्णन व खबरीतील हत्यार यांचा मेळ न बसणे ही या दोषाची खूण होय. उलटतपासणीत अशी फिर्याद तेथेच दुबळी ठरते.

वॉरंटाच्या अटीचे बदललेले स्थान

व्याख्येचा जो आधार, त्या वॉरंटविरहित अटकेवर मधल्या काळात बंधने आली आहेत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यात अटकेची आवश्यकता लेखी कारणांसह दाखवावी लागते. एरवी हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निर्णयात यावर भर दिला व कलम ३५ मध्ये हीच चौकट आहे. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील किंवा दुर्बल व्यक्तीस उपअधीक्षक वा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीविना अटक करता येत नाही.

म्हणजे दखलपात्र गुन्ह्यात तपास व अटक या दोन बाबी एकमेकींपासून अलग झाल्या आहेत. अदखलपात्र गुन्ह्यातही कलम १७४(३) याच दिशेने जाते : दंडाधिकाऱ्याच्या आदेशानंतर पोलिसांना तपासाचे सर्व अधिकार मिळतात, फक्त वॉरंटाविना अटकेचा मिळत नाही. वॉरंटाचे संरक्षण अबाधित ठेवूनही तपास होऊ शकतो, याची ही कबुलीच आहे. तरीही तपासाचा आरंभ मात्र दंडाधिकाऱ्याच्या आदेशावरच अडून राहतो.

या अटीचे समर्थन दुर्लक्षिण्याजोगे नाही. किरकोळ भांडणात पोलिसांना तपासाचा मुक्त अधिकार दिल्यास तो दुर्बलांविरुद्धच वापरला जाण्याचा धोका आहे. त्यामुळे अट सरसकट काढणे योग्य होणार नाही. दुखापतीच्या प्रकरणांपुरता मर्यादित उपाय मात्र शक्य आहे. ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश शासन (२०१३) या निर्णयाने, खबरीतून दखलपात्र गुन्हा उघड होत नसला पण चौकशीची गरज दिसत असेल तर, तो उघड होतो की नाही एवढेच पाहण्यासाठी प्राथमिक चौकशीस मुभा दिली आहे. सुजलेल्या मनगटाच्या प्रकरणात जखमीस पोलिसांनी वैद्यकीय तपासणीसाठी पाठविणे या मर्यादेत बसते.

समारोप

अटक होऊ शकते की नाही, या प्रश्नाच्या उत्तरावर तपास होईल की नाही हे ठरविणे, हा या वर्गीकरणाचा मूलभूत दोष आहे. वॉरंटाची अट आरोपीच्या स्वातंत्र्यासाठी आहे. जखमीच्या पुराव्याचा ऱ्हास हे तिचे मोल असू नये. दुखापतीच्या प्रत्येक खबरीत एन.सी. नोंदविण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीचे पत्र देणे ठाणे अंमलदारावर बंधनकारक केल्यास, आरोपीचे कोणतेही संरक्षण कमी न करता हा दोष बऱ्याच अंशी दूर होऊ शकेल.