नाइटिंगेलचा गुलाब: देखणा, पण कल लपवणारा

फ्लोरेन्स नाइटिंगेलची 1858 ची गुलाबासारखी आकृती तुम्ही पाहिली असेलच. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मेले, हे ती लगेच पटवते. पण त्यात महिन्यागणिक कल वाचून बघा, गडबड होते. मृत्यूदर पाकळीच्या क्षेत्रफळात आहे, म्हणजे दर चौपट झाला तरी त्रिज्या दुप्पटच. आपला डोळा मात्र लांबी पकडतो, त्यामुळे जानेवारी 1855 चा कळस बुटका वाटतो. शिवाय दोन वर्षं दोन वेगळ्या वर्तुळांत आहेत, म्हणून मार्च 1855 नंतरची घसरण सलग दिसत नाही.

हाच डेटा तुमच्याकडे असता तर? कलासाठी आडव्या अक्षावर महिने आणि प्रत्येक कारणाची एक रेषा. एकाच महिन्यातल्या कारणांच्या तुलनेसाठी शून्यापासून सुरू होणारे स्तंभ. एकूण मृत्यूंतला रोगांचा वाटा दाखवायचा असेल, तरच पाय चार्ट.